खण-आठवडा : सामाईक गोदामाचं भाडं वाटायचं माप

आज हातातलं काम थोडं बाजूला ठेवा आणि वही-पेन जवळ घेऊन बसा. आज हिशेब आहे. अवघड नाही, घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या कुणालाही जमेल असा आहे. पण तो वेळेवर केला नाही, तर चांगले चाललेले गट एकमेकींशी बोलेनासे होतात.

भांडण कसं सुरू होतं ते आधी बघू. चार गटांनी मिळून एक हॉल भाड्यानं घेतला. भाडं सारखं चौघांत वाटायचं ठरलं. दिवाळीत धान्याच्या गटानं सोयाबीनची पोती आणून लावली. पापडाचा गट आला थेट जानेवारीत. हिशेबाच्या दिवशी पापडवाल्या म्हणतात, "आम्ही आलो जानेवारीत, मग दिवाळीपासूनचं भाडं आमच्याकडून का?" धान्यवाल्या म्हणतात, "भाड्यानं हॉल घेताना तुम्हीच हो म्हणालात ना?" शिलाईवाल्या म्हणतात, "आमची मशीन कोपऱ्यात, पोत्यांनी अर्धा हॉल अडवलाय, आणि पैसे सारखेच?" मैत्रिणींनो, यात खोटं कुणीच बोलत नाही. तिघींचंही म्हणणं खरं आहे. चुकलंय ते माप.

आपल्याकडे वाटणीचं माप नवं नाही. जाफराबाद तालुक्यात चार भावांची मिळून एक विहीर असली, तर पाणी पाळीनं घेतात. ज्याची जमीन जास्त, त्याची पाळी लांब. धुळे-नाशिककडं पांझरा-मोसम नद्यांच्या काठी फड पद्धत होती, तिथंही पाटाचं पाणी पाळीनंच फिरायचं. म्हणजे वाटणी दोन गोष्टींवर ठरते : हिस्सा किती आणि वेळ किती. गोदामालाही हीच दोन मापं लावायची. जागा किती अडवली आणि किती दिवस अडवली.

खण आखून घ्या

जागा मोजायची कशी? चौरस फुटात मोजली तर बरोबरच येईल, पण दर वेळी टेप धरून कोण बसणार? म्हणून सोपी युक्ती सांगते. आपल्याकडची जुनी माळवदाची घरं खणांनी मोजत. अमक्याचं घर सहा खणांचं, तमक्याचं दहा खणांचं. तसेच हॉलच्या जमिनीवर पाच फूट बाय पाच फुटांचे खण आखायचे.

आता एक उदाहरण धरू. गाव आपल्याच भागातलं समजा, टेंभुर्णीकडचं म्हणा नाहीतर माहोऱ्याकडचं. हॉल तीस फूट लांब, वीस फूट रुंद. पाच फुटांनी आखला तर लांबीत सहा आणि रुंदीत चार, मिळून २४ खण होतात. यातली एक ओळ, म्हणजे सहा खण, दारापासून मागच्या भिंतीपर्यंत वाट म्हणून मोकळी सोडायची. ती वाट कुणाची नाही आणि सगळ्यांची आहे. उरले १८ खण. हेच वाटायचे खण.

रेघा खडूनं मारू नका. आठ दिवसांत झाडूनं पुसल्या जातात आणि मग "आमची पोती रेघेच्या आतच होती" असं सुरू होतं. ऑइलपेंटनं मारा आणि प्रत्येक खणात १ ते १८ आकडे लिहा.

खण मोजताना दोन प्रश्न हमखास येतात. धान्याचा गट म्हणेल, "आम्ही पोती आठ थरांपर्यंत लावतो, जमीन कमी घेतो, मग आम्हाला सूट का नाही?" उत्तर असं, की सूट आपोआप मिळालीच आहे. आपण पोती मोजत नाही, खण मोजतो. तीन थरांऐवजी सहा थर लावले, तर तेवढ्याच खणात दुप्पट माल बसतो आणि भाडं तेवढंच. मात्र थर पडणार नाहीत एवढेच लावा, आणि खाली लाकडी फळ्या घाला. पोत्यांना ओल लागू नये आणि उंदराची, किडीची पाहणी करता यावी म्हणून भिंतीपासून दीड-दोन फूट जागा सोडावीच लागते. ती सोडलेली जागा त्यांच्याच मालासाठी आहे, म्हणून ती त्यांच्याच खणात धरायची.

दुसरा प्रश्न शिलाईच्या गटाचा. "आम्ही दुपारी चार तासच बसतो, बाकी वेळ जागा रिकामीच की." खरं आहे, पण मशीन रात्रभर तिथंच असते ना? दुसऱ्या कुणाला तिथं काही ठेवता येत नाही. जागा वापरली की नाही हे बघायचं नाही, दुसऱ्याला ती मिळू शकत होती की नाही हे बघायचं. मशीन रोज उचलून, खण झाडून दुसऱ्या गटाच्या हवाली करत असाल, आणि दुसरा गट तिथं खरंच सकाळी काम करत असेल, तर मात्र तो खण अर्धा-अर्धा धरा.

आता वेळ. एक खण एक आठवडा अडवला, की झाला एक खण-आठवडा. आठवड्यात एक दिवस जरी खण भरलेला असला तरी आठवडा पूर्ण धरायचा. नाहीतर कुणी बुधवारी रिकामा करतं, कुणी शुक्रवारी भरतं, आणि दिवसांचा गुंता सुटत नाही.

पहिला हिशेब : ज्याची जागा त्याचे पैसे

दिवाळीच्या आसपास हॉल घेतला आणि तीन महिने, म्हणजे १३ आठवडे वापरला असं समजू. महिन्याचं भाडं ३,००० रुपये, तीन महिन्यांचं ९,०००. झाडलोट, सामाईक दिवा, कुलूप, उंदरांचे पिंजरे यांचे मिळून १,५३० रुपये. एकूण खर्च १०,५३० रुपये. हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेत. तुमच्या गावचं भाडं वेगळं असेल, रीत हीच.

हॉलमध्ये एकूण खण-आठवडे किती? १८ खण गुणिले १३ आठवडे, म्हणजे २३४. मग १०,५३० भागिले २३४. एक खण-आठवडा पडला ४५ रुपयांना. हा आपला मूळ दर. तो फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

आता प्रत्येकीचा वापर. धान्याच्या गटानं पहिले पाच आठवडे आठ खण भरले. मग निम्मा माल विकला आणि पुढचे आठ आठवडे चार खण ठेवले. पाच आठे चाळीस आणि आठ चोक बत्तीस, झाले ७२ खण-आठवडे. मिरची-मसाल्याचा गट तीन खण तेरा आठवडे, म्हणजे ३९. शिलाईचा गटही तीन खण तेरा आठवडे, म्हणजे ३९. पापडाचा गट शेवटचे चार आठवडे तीन खण, म्हणजे १२. सगळे मिळून १६२.

सारखी वाटणी केली असती, तर प्रत्येकीला साधारण २,६३२ रुपये आले असते. बारा खण-आठवडे वापरणाऱ्या पापडवाल्यांना तेवढेच आणि बहात्तर वापरणाऱ्या धान्यवाल्यांना तेवढेच. पापडवाल्या चिडल्या त्या उगाच नाही.

मूळ दरानं बघितलं तर धान्याचे होतात ३,२४० रुपये, मिरचीचे १,७५५, शिलाईचे १,७५५ आणि पापडाचे ५४०. बेरीज केली तर ७,२९० रुपये. पण हॉलमालकाला आणि बाकी खर्चाला द्यायचेत १०,५३०. मग ३,२४० रुपये कमी कुठं पडले?

ते आहेत रिकाम्या खणांचे. २३४ पैकी १६२ वापरले, ७२ खण-आठवडे रिकामे राहिले. त्यांचं भाडं मालकानं सोडलेलं नाही. खरी गाठ इथंच आहे बायांनो. भरलेल्या जागेचे पैसे कुणी द्यायचे यावर फार भांडण होत नाही. भांडण होतं ते रिकाम्या जागेवर.

रिकाम्या जागेचे पैसे कुणाचे?

पुष्कळ गट एक सोपी वाट धरतात. एकूण खर्चाला वापरलेल्या खण-आठवड्यांनीच भागतात. १०,५३० भागिले १६२, दर येतो ६५ रुपये. हिशेब पूर्ण बसतो, एक रुपया उरत नाही. दिसायलाही ठीक दिसतो.

पण समजा, पाचव्या आठवड्यात सोयाबीनला भाव चढला आणि धान्याच्या गटानं सगळाच माल विकून टाकला. त्यात त्यांचं काही चुकलं नाही, माल विकण्यासाठीच तर ठेवला होता. पण आता वापर राहिला १३०. दर झाला ८१ रुपये. शिलाईच्या गटानं आपले तीन खण होते तसेच ठेवले, एक इंच जास्त घेतली नाही, आणि तरी त्यांचं बिल २,५३५ वरून ३,१५९ वर गेलं. का? तर शेजारीण लवकर गेली म्हणून. पुढच्या वर्षी शिलाईवाल्या म्हणतील, आम्हीही निघतो. त्या निघाल्या की मागे राहिलेल्यांचा दर आणखी चढतो. शेवटी हॉल एकाच गटाच्या गळ्यात पडतो किंवा सोडून द्यावा लागतो. "वापर तेवढे पैसे" एवढ्याच नियमावर चाललेलं गोदाम असं मोडतं.

मग करायचं काय? थोडं मागे जाऊ. एवढा मोठा हॉल घेतलाच का? कारण घेताना प्रत्येक गटानं सांगितलं होतं, आम्हाला जास्तीत जास्त एवढी जागा लागेल. धान्याचा गट म्हणाला नऊ खण. मिरची, शिलाई, पापड म्हणाले तीन-तीन. मिळून अठरा. म्हणून अठरा खणांचा हॉल घेतला. म्हणजे हॉलचा आकार ठरला तो मागणीवरून. मग रिकाम्या जागेचे पैसेही मागणीप्रमाणेच वाटले पाहिजेत. या मागणीला आपण "शब्द दिलेले खण" म्हणू.

३,२४० भागिले १८. शब्द दिलेल्या प्रत्येक खणामागे १८० रुपये. धान्याचे नऊ खण, त्यांचे १,६२०. बाकी तिघींचे प्रत्येकी ५४०. आता दोन्ही भाग जोडा. धान्याच्या गटाचे ३,२४० आणि १,६२०, एकूण ४,८६०. मिरचीचे १,७५५ आणि ५४०, एकूण २,२९५. शिलाईचेही २,२९५. पापडाचे ५४० आणि ५४०, एकूण १,०८०. चारही बेरजा मिळवल्या की बरोबर १०,५३० येतात.

आता पुन्हा धान्याचा गट पाचव्या आठवड्यात गेला असं समजा. रिकामे खण-आठवडे वाढून १०४ होतील, त्यांचे पैसे ४,६८०, शब्द दिलेल्या खणामागे २६०. शिलाईचं बिल होईल २,५३५. वाढ झालीच, पण २४० रुपयांची. आधीच्या रीतीत ती सहाशेच्या वर होती. आणि धान्याच्या गटाला आपल्या नऊ खणांच्या शब्दाचे पैसे द्यावे लागतील. त्यांचं एकूण बिल येईल ४,१४०. लवकर गेल्याचा फायदा त्यांना आहे, कारण राहिल्या असत्या तर ४,८६० द्यावे लागले असते. पण आपला भार दुसरीच्या डोक्यावर टाकून त्या जात नाहीत.

ही रीत मी मनानं काढलेली नाही. आपल्याकडे राज्य वखार महामंडळ १९५७ पासून आहे. वखारीत माल ठेवायचे दोन प्रकार असतात. एक, जेवढी पोती जेवढे दिवस ठेवाल तेवढं भाडं. दुसरा, जागाच राखून ठेवायची. राखलेली जागा रिकामी राहिली तरी तिचं भाडं द्यावं लागतं. आपण फक्त हे दोन प्रकार एका हिशेबात आणले.

आता पापडवाल्या हात वर करतील. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही ऑक्टोबरमध्ये जागा मागितलीच नव्हती, मग तेव्हाच्या रिकाम्या खणांचे पैसे आमच्याकडून का? हे म्हणणं रास्त आहे. म्हणून शब्द देतानाच खणांबरोबर महिनेही लिहा. पापडाचा गट "जानेवारीत तीन खण" असं लिहून देत असेल, तर त्यांचे शब्द दिलेले खण अर्धे, म्हणजे दीडच धरायचे असं बैठकीत ठरवता येईल. पण हे हॉल घेण्याआधी ठरलं पाहिजे. पैसे द्यायच्या दिवशी ठरवायला गेलात, तर जिचा आवाज मोठा तिचं खरं होतं.

आणि रिकामी जागा रिकामी का ठेवायची? आपल्या उदाहरणात सहाव्या ते नवव्या आठवड्यात आठ खण मोकळे होते. त्यातले चार खण गावातल्या कुणाला सामान ठेवायला दिले तर सोळा खण-आठवडे झाले. बाहेरच्याला ४५ चा दर लावू नका. रिकाम्या दिवसांचा भार तो उचलत नाही, म्हणून त्याला ६५ लावा. सोळा गुणिले ६५, झाले १,०४० रुपये. ते रिकाम्या खणांच्या ३,२४० मधून वजा करा. उरले २,२००, आणि सगळ्यांचंच बिल उतरलं. मात्र हॉलच्या मालकाशी करार करताना दुसऱ्याला जागा देता येईल, हे कागदावर घालून घ्या. आणि खत, कीटकनाशक असलं काही धान्य-पापडाशेजारी ठेवू देऊ नका, मग दर कितीही मिळो.

यंत्राची वही वेगळी

हॉलमध्ये दळण-कांडपाचं यंत्र असेल, तर त्याचा हिशेब भाड्यात मिसळू नका. भाडं आठवड्यावर चालतं, यंत्र तासावर. शिलाईवाल्यांचा मिरची कुटण्याशी काय संबंध? त्यांच्यावर यंत्राचा एक रुपयाही पडता कामा नये.

आपल्या उदाहरणात यंत्र ग्रामसंघाच्या पैशातून आलं आहे आणि मिरचीच्या तीन खणांपैकी एका खणात उभं आहे असं धरू. त्या तेरा आठवड्यांत मिरचीच्या गटानं ते ६० तास चालवलं आणि पापडाच्या गटानं डाळ दळायला २५ तास. एकूण ८५ तास.

पहिली गोष्ट, यंत्र हाही एक भाडेकरूच आहे. ज्या खणात ते उभं आहे त्याचं भाडं यंत्र वापरणाऱ्या सगळ्यांनी द्यायचं, एकट्या मिरचीच्या गटानं नाही. एका खणाचे तेरा आठवडे, ४५ नं झाले ५८५. त्यात रिकाम्या जागेचे १८० मिळवा, झाले ७६५. भागिले ८५ तास, तासाला ९ रुपये. पापडाच्या गटानं २५ तासांचे २२५ रुपये मिरचीच्या गटाला द्यायचे.

दुसरी गोष्ट, झीज. यंत्र ३०,००० रुपयांचं असेल आणि ३,००० तास चालेल असा अंदाज धरला, तर तासाला १० रुपये बाजूला पडले पाहिजेत. पट्टा, जाळी, ग्रीस यांचे अंदाजे ५ धरा. हे १५ रुपये ग्रामसंघाच्या वेगळ्या खात्यात जमा करायचे आणि दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही. नाहीतर यंत्र बंद पडतं त्या दिवशी वर्गणी मागायची वेळ येते, आणि तेव्हा प्रत्येकीला वाटतं, बिघाड आपल्या हातून नाही झाला.

तिसरी गोष्ट, वीज. यंत्राच्या लाइनवर वेगळा छोटा मीटर बसवून घ्या. चालू करण्याआधीचा आकडा लिहा, बंद केल्यावरचा लिहा. फरक तेवढी युनिटं. पापडाच्या गटाची ६० युनिटं झाली आणि बिलाप्रमाणे युनिट दहा रुपयांना पडलं, तर ६०० रुपये. इथं एक काळजी घ्या. वीजबिलात "स्थिर आकार" असतो. यंत्र महिनाभर बंद राहिलं तरी तो येतोच. तो युनिटांत मिळवला, तर ज्या महिन्यात यंत्र कमी चाललं त्या महिन्यात युनिट भलतंच महाग पडेल. स्थिर आकार हा जागेसारखा खर्च आहे, तो भाड्याच्या हिशेबात टाका. वाढणारा-घटणारा भाग तेवढाच युनिटांवर.

तास मोजायचे ते किल्ली घेतल्यापासून किल्ली परत दिल्यापर्यंत. मोटार फिरली तेवढेच तास धरले, तर मिरची कुटून झाल्यावर यंत्र पुसायला कुणी थांबत नाही, आणि पुढचीच्या डाळीला ठसका लागतो. पुसण्याचा वेळही आपलाच आहे हे एकदा कळलं, की पुसणं नीट आणि लवकर होतं. वीज गेली असेल तर मात्र तो वेळ वजा करा, पण गेलेली आणि आलेली वेळ तिथल्या तिथं वहीत लिहिलेली असली पाहिजे.

हिशेब चुकतोय हे कसं ओळखायचं?

दोन वह्या लागतात. एक जागेची : कोणता खण, कोणत्या गटानं, कोणत्या तारखेला भरला, कोणत्या तारखेला सोडला. दुसरी यंत्राची : तारीख, किल्ली घेतली ती वेळ, दिली ती वेळ, मीटरचे दोन आकडे, सही. आठवड्यातून एकदा दोन वेगळ्या गटांच्या दोघी जणी हॉलमध्ये जाऊन भरलेले खण मोजतील आणि वहीशी ताडून बघतील. दोघी एकाच गटाच्या नकोत.

वही उघडल्यावर काही खुणा लगेच दिसतात. महिनाभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेननं, एकाच हातानं लिहिलेल्या असतील, तर त्या आठवून लिहिल्या आहेत. तास सगळे एक, दोन, तीन असे गोल असतील, घड्याळात वीस मिनिटं किंवा पावणेदोन तास कधी आलेच नसतील, तर घड्याळ बघून लिहिलेलं नाही. आणि सगळ्यात पक्की खूण मीटरची. आज एकीनं यंत्र बंद करताना लिहिलेला आकडा आणि उद्या दुसरीनं चालू करताना लिहिलेला आकडा एकच असला पाहिजे. मध्ये चार युनिटांचा फरक असेल, तर मधल्या वेळात कुणीतरी न लिहिता यंत्र चालवलं आहे. त्यावरून लगेच कुणावर बोट ठेवू नका. किल्ली कुणाकडे होती तेवढं बघा.

हॉलमध्येही एक खूण आहे. वाटेकडं बघा. पोती, टोपल्या, कापडाची गाठोडी वाटेत सरकायला लागली, म्हणजे कुणीतरी फुकटचा खण घेत आहे. वाटेत सामान आठवडाभर दिसलं तर त्याचा पूर्ण खण-आठवडा लावायचा, आणि तोही दुप्पट, असं बैठकीत आधीच ठरवून ठेवा. शिवाय वाट बुजली तर आग लागल्यावर बाहेर पडायला जागा राहत नाही, हे वेगळंच.

या रीतीत एक कमतरता आहे, तीही सांगते. खण फक्त जमीन मोजतो. दाराजवळचा खण आणि मागच्या भिंतीला लागून असलेला, पावसाळ्यात ओल धरणारा खण यांची किंमत खरं तर सारखी नाही. फरक फार असेल तर ओलीचा खण पाऊण धरा. पण असे बारीक भेद दोन-तीनाच्या वर नेऊ नका. जो हिशेब बैठकीत बसलेल्या प्रत्येक बाईला स्वतः बोटांवर पडताळून बघता येत नाही, त्यावर तिचा विश्वास बसत नाही, मग तो कितीही बरोबर असो.

पैसे गोळा करताना शब्द दिलेल्या खणांप्रमाणे दर महिन्याच्या सुरुवातीला उचल घ्या. आपल्या उदाहरणात महिन्याचा खर्च ३,५१० रुपये, १८ खणांत वाटला तर खणामागे १९५. पापडाचे दीड खण धरलेत तर अठराऐवजी साडेसोळांनी भागा. हंगाम संपला की खरा हिशेब करून कुणाला परत द्या, कुणाकडून घ्या. मालकाचं भाडं वेळेवर जातं आणि हिशेबाला शांतपणे बसता येतं.

तर पुढच्या बैठकीत एवढंच करा. सुतळीला पाच फुटांवर गाठी मारा, हॉलमध्ये जा, खण मोजा. मग प्रत्येक गटाकडून लिहून घ्या : किती खण, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. खाली सह्या घ्या. सोयाबीनचं पहिलं पोतं आत यायच्या आधी हा कागद झालेला असू द्या. येते मी. नमस्कार.